सिटाडेलचे 55 टक्के आणि फी न मिळालेली तीन वर्षं

2008 साल संपलं तेव्हा शिकागोच्या सिटाडेल कंपनीचे दोन मुख्य हेज फंड, केन्सिंग्टन आणि वेलिंग्टन, सुमारे 55 टक्क्यांनी खाली आले होते. वर्षाच्या सुरुवातीला ज्याचे 100 डॉलर होते, त्याच्या नावावर 45 उरले. केन ग्रिफिन यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचं नाव तोवर या धंद्यातल्या सगळ्यात भक्कम कंपन्यांमध्ये घेतलं जाई. नुकसानाचं एक मोठं कारण होतं कन्व्हर्टिबल बाँड, म्हणजे ठरलेल्या दराने कंपनीच्या शेअर्समध्ये बदलून घेता येणारे रोखे. बाँड घ्यायचा, त्याच कंपनीचा शेअर शॉर्ट करायचा, म्हणजे उसना घेऊन विकायचा, आणि दोन्हींच्या किमतीतल्या छोट्याशा फरकावर कमवायचं, हा त्यातला मुख्य डाव. फरक छोटा असतो, म्हणून व्यवहार उधारीच्या पैशावर मोठा करावा लागतो. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली, उधार देणाऱ्या बँकांनी हात आखडते घेतले आणि सगळ्यांना एकाच वेळी तेच बाँड विकायची वेळ आली. त्यातच अमेरिकेत बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या शेअर्सच्या शॉर्ट सेलिंगवर तात्पुरती बंदी आली. डावाचा एक पायच निखळला.

पडझडीची ही गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितली आहे. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. फंड सावरायला लागला, वर्षामागून वर्ष नफा दिसू लागला, तरीही जुन्या गुंतवणूकदारांकडून कंपनीला परफॉर्मन्स फीचा एक डॉलरही घेता येत नव्हता. हे जानेवारी 2012 पर्यंत चाललं. हेज फंडाच्या करारातली हाय-वॉटर मार्क ही अट नेमकी काय करते आणि काय करत नाही, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं मोठं उदाहरण मला माहीत नाही.

नफ्यातला वाटा

हेज फंडाची फी दोन भागांत असते. पहिला भाग मॅनेजमेंट फी. ती जमा रकमेवर दरवर्षी घेतली जाते, रूढ दर 2 टक्क्यांच्या आसपास. दुसरा भाग परफॉर्मन्स फी, म्हणजे नफ्यातला वाटा, आणि त्याचा रूढ दर 20 टक्के. अल्फ्रेड विन्सलो जोन्स यांनी 1949 साली न्यूयॉर्कमध्ये जो फंड सुरू केला त्याला पहिला हेज फंड मानतात, आणि 20 टक्के वाट्याची प्रथा तिथूनच रूढ झाली.

आपल्याकडे अर्धेलीने शेत कसायला देतात तसाच हा व्यवहार वाटतो, पण एक मोठा फरक आहे. अर्धेलीत पीक बुडालं तर कसणाऱ्याची मेहनतही बुडते आणि मालकाचा वाटाही बुडतो. हेज फंडात नफ्याचा पाचवा हिस्सा व्यवस्थापकाचा, तोटा मात्र पूर्णपणे गुंतवणूकदाराचा. ग्रिफिन यांच्यासारख्या व्यवस्थापकांचे स्वतःचे पैसेही फंडात असतात, त्यामुळे त्यांनाही झळ बसते हे खरं. पण ती झळ गुंतवणूकदार म्हणून बसते. घेतलेली फी परत करायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही.

म्हणूनच हाय-वॉटर मार्क लागतो. नियम सोपा आहे. तुमच्या पैशाचं मूल्य फी कापून झाल्यावर आजवर ज्या सर्वोच्च पातळीला पोहोचलं ती तुमची खूण. मूल्य त्या खुणेच्या वर गेलं तर वरच्या भागावरच परफॉर्मन्स फी. खाली असेल तोवर फी शून्य, मग त्या वर्षी कितीही टक्के नफा होवो.

आता सिटाडेलचे आकडे घेऊ. 2009 मध्ये फंड साधारण 62 टक्के वाढला, 2010 मध्ये 11 टक्के आणि 2011 मध्ये 20 टक्क्यांच्या आसपास. 45 डॉलरचे पहिल्या वर्षाअखेर 72.9 झाले, मग 80.9, मग 97.1. चार वर्षं उलटली तरी 100 ची खूण गाठलेली नाही. 62 टक्के हा कुठल्याही फंडाने मिरवावा असा आकडा, पण 55 टक्के गमावल्यावर पूर्वपदावर यायला 122 टक्के वाढ लागते. टक्केवारीचं हे गणित लोक पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून कागदावर एकदा करून पाहावं. 45 ला 2.22 ने गुणलं की 100.

आता समजा ही अट नसती आणि कंपनीने दरवर्षी त्या वर्षाच्या नफ्यावर 20 टक्के घेतले असते. 2009 चा नफा 27.9 डॉलर, त्यावर फी 5.6, शिल्लक 67.3. पुढच्या वर्षी फी 1.5, शिल्लक 73.2. 2011 मध्ये फी 2.9, शिल्लक 85. म्हणजे ज्या माणसाने 100 गुंतवले आणि ज्याचे चार वर्षांनी 85 उरले आहेत, त्याच्याकडून कंपनीने "नफ्याची" फी म्हणून एकूण 10 डॉलर घेतले असते. हाय-वॉटर मार्कमुळे त्याचे 97 राहिले. त्या एका कलमाची किंमत या प्रकरणात मूळ रकमेच्या 12 टक्के इतकी होती.

खूण कोणाची?

इथे बहुतेक लोक एक गोष्ट धरून चालतात की हाय-वॉटर मार्क फंडाचा असतो. तो फंडाचा नसतो, प्रत्येक गुंतवणूकदाराच्या प्रत्येक हप्त्याचा वेगळा असतो.

जानेवारी 2009 मध्ये कुणी नवा माणूस अशा फंडात 45 डॉलर घेऊन आला असं समजा. जुन्याचेही 45, याचेही 45. गुंतवणूक एकच, व्यवहार एकच. पण नव्याची खूण 45 वर आहे, कारण त्याने काहीच गमावलेलं नाही. पहिल्या वर्षी त्याला 27.9 नफा झाला की त्यावर 20 टक्के फी लागणारच, आणि त्याची खूण 67.3 वर सरकणार. वर केलेला सगळा हिशेब त्याला तसाच्या तसा लागू होतो आणि 2011 अखेर त्याचे 85 होतात, जुन्याचे 97. यात अन्याय काही नाही. नव्याचे पैसे जवळपास दुप्पट झाले आहेत, त्याने वाटा द्यायलाच हवा. पण फंडाच्या हिशेबनीसांना यामुळे दर महिन्याला आलेल्या पैशाची वेगळी मालिका ठेवावी लागते आणि प्रत्येक मालिकेची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, आणि खूण वेगवेगळी मोजावी लागते. सगळ्यांना एकच एनएव्ही लावली तर नवा माणूस जुन्याच्या तोट्याच्या सावलीत फुकट बसतो, किंवा जुन्याला नव्याच्या नफ्याची फी पडते.

यातून दुसरी गोष्ट निघते आणि ती पैशाच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. खूण त्या हप्त्याला चिकटलेली असते, तुमच्या नावाला नाही. घाबरून 45 डॉलर काढून घेतले आणि दोन वर्षांनी त्याच फंडात परत आलात, तर तुम्ही नवे गुंतवणूकदार. 100 ची जुनी खूण गेली. तोट्यात असलेल्या फंडात राहणाऱ्याकडे खरं तर एक हक्क जमा होतो: पुढचा सगळा भरपाईचा प्रवास परफॉर्मन्स फीशिवाय. बाहेर पडताना तो हक्क सोडून द्यावा लागतो, आणि त्याची किंमत कुठल्याही स्टेटमेंटवर छापलेली नसते. डिसेंबर 2008 मध्ये सिटाडेलने या दोन फंडांतून पैसे काढणं काही काळासाठी थांबवलं. गुंतवणूकदार त्यावर साहजिकच चिडले. पैसे अडकणं ही वाईटच गोष्ट आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण जे त्यानंतरही राहिले, त्यांना 2009 चे 62 टक्के कुठलीही परफॉर्मन्स फी न जाता मिळाले, हेही खरं.

अर्थात हा हक्क फंड टिकला तरच खरा. व्यवस्थापकाच्या बाजूने पाहा. खुणेपासून 55 टक्के खाली असताना पुढची कित्येक वर्षं नफ्याचा वाटा नाही. हुशार ट्रेडरना बोनस त्याच वाट्यातून जातो, तो नसेल तर ते खुणेच्या खाली नसलेल्या दुसऱ्या फंडात जातात. तेव्हा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फंड बंद करायचा, उरलेले पैसे परत करायचे आणि काही महिन्यांनी नव्या नावाने नवा फंड काढायचा, जिथे प्रत्येकाची खूण पहिल्या दिवसापासून ताजी असते. 2008 आणि 2009 मध्ये खूप फंड बंद झाले, आणि त्या प्रत्येक ठिकाणी गुंतवणूकदाराची खूण कागदावरच राहिली. सिटाडेल टिकली याचं एक कारण असं की तिच्याच छत्राखाली मार्केट मेकिंगचा, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव सतत देत राहण्याचा, वेगळा धंदा होता आणि तो त्या काळात चांगला चालत होता. दुसरं कारण कमी गोड आहे. सिटाडेल ठरावीक मॅनेजमेंट फीऐवजी कामकाजाचा खर्च थेट गुंतवणूकदारांवर टाकते. हाय-वॉटर मार्क फक्त परफॉर्मन्स फी थांबवतो. जागेचं भाडं, पगार, तंत्रज्ञान यांचा खर्च खुणेच्या खालीही चालूच राहतो.

काही फंडांनी त्या काळात मधला मार्ग काढला. तोट्यानंतर फी शून्य करण्याऐवजी ती अर्धी, म्हणजे 10 टक्के करायची, पण ती सवलत खूण गाठल्यावर संपवायची नाही; झालेल्या तोट्याच्या अडीच पट नफा होईपर्यंत चालू ठेवायची. व्यवस्थापकाला दिवा लावायला तेल मिळतं आणि गुंतवणूकदाराला सवलत लांबपर्यंत मिळते. मला हा करार प्रामाणिक वाटतो, एका अटीवर: तो तोट्याआधी लिहिलेला असावा. तोटा झाल्यावर संमतीपत्र हातात देऊन "नाहीतर फंड बंद करावा लागेल" असं सांगणं हा वेगळाच प्रकार आहे.

हर्डल रेट: दुसरा प्रश्न

हाय-वॉटर मार्क विचारतो, "तुझे जुने पैसे भरून निघाले का?" हर्डल रेट विचारतो, "बसल्या जागी जेवढं व्याज मिळालं असतं, त्यापेक्षा जास्त मिळालं का?" सरकारी रोखे 6 टक्के देत असताना फंडाने 6 टक्के मिळवले, तर त्यात व्यवस्थापकाचं कौतुक काय? तरीही अनेक हेज फंडांत हर्डल नसतोच, आणि पहिल्या डॉलरपासून 20 टक्के जातात.

हर्डल किती कडक असू शकतो हे पाहायचं तर वॉरेन बफे यांची ओमाहातली जुनी भागीदारी पाहावी. 1962 पासून तिथे नियम असा होता: गुंतवणूकदारांना वर्षाला पहिले 6 टक्के, त्यावर जे मिळेल त्याचा चौथा हिस्सा बफे यांचा. मॅनेजमेंट फी नाही. आणि एखाद्या वर्षी 6 टक्क्यांपेक्षा कमी मिळालं तर ती तूट पुढच्या वर्षांच्या कमाईतून आधी भरून काढायची. शेवटचं वर्ष 1969. भागीदारीने 6.8 टक्के मिळवले. हर्डलवर उरले 0.8, त्याचा चौथा हिस्सा 0.2, आणि गुंतवणूकदारांच्या हाती 6.6 टक्के. आजचा बिनहर्डलचा 20 टक्क्यांचा फंड याच वर्षात जवळपास 1.4 टक्के घेऊन गेला असता आणि मॅनेजमेंट फी वेगळी. बफे यांचा वाटा 25 टक्के, म्हणजे दिसायला महाग, पण साधारण वर्षात कितीतरी स्वस्त. चांगल्या वर्षात मात्र तो भरपूर मोठा होई: 1968 मध्ये 58.8 टक्क्यांपैकी गुंतवणूकदारांना 45.6 मिळाले. मला हे रास्त वाटतं. ज्या वर्षी खरोखर काही मिळवून दिलं त्या वर्षी वाटा मोठा असावा.

आता हर्डल आणि हाय-वॉटर मार्क एकत्र लावले की खरी गोम समोर येते. आपले 97.1 डॉलर 2012 च्या सुरुवातीला आहेत, खूण 100. समजा वर्षाअखेर फी कापण्याआधी ते 120 झाले. हर्डल नसेल तर खुणेवरचे 20 डॉलर, त्यावर फी 4. आता 6 टक्क्यांचा हर्डल आहे असं धरू. तो कशावर मोजायचा? वर्षारंभीच्या मूल्यावर मोजला तर उंबरठा 102.9 आणि फी 3.4. खुणेवर मोजला तर उंबरठा 106 आणि फी 2.8. आणि बफे यांच्यासारखी दरवर्षीची तूट साठवत नेली, 6 टक्के चक्रवाढ, तर 2008 पासून पाच वर्षांत उंबरठा जवळपास 134 वर पोहोचतो आणि फी शून्य. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिन्ही ठिकाणी एकच ओळ असेल: "6 टक्के हर्डल, हाय-वॉटर मार्कसह 20 टक्के."

चौथा प्रकारही आहे आणि तो सगळ्यात जास्त फसवतो. त्यात हर्डल ओलांडला की व्यवस्थापक मागे जाऊन हर्डलच्या खालच्या नफ्यातलाही आपला वाटा उचलतो. याला कॅच-अप म्हणतात. पूर्ण कॅच-अप असेल तर 120 वर फी पुन्हा 4 डॉलरच होते, हर्डल नसल्यासारखी. असा हर्डल फक्त सुमार वर्षात उपयोगाचा. चांगल्या वर्षात तो विरघळून जातो.

मुंबईच्या कागदांवर

आपल्याकडे हेज फंडाच्या सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे सेबीच्या 2012 च्या नियमांखालचा कॅटेगरी तीनचा एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड, किमान गुंतवणूक साधारणपणे 1 कोटी. तिथे फीच्या अटी फंडाच्या पीपीएममध्ये, म्हणजे खासगी माहितीपत्रात, लिहिलेल्या असतात आणि त्या फंडागणिक बदलतात. त्यापेक्षा जास्त मराठी घरांमध्ये पोहोचलेला प्रकार पीएमएस, म्हणजे प्रत्येक ग्राहकाची गुंतवणूक वेगळी सांभाळणारी सेवा, किमान 50 लाख. पीएमएससाठी सेबीने ऑक्टोबर 2010 मध्येच स्पष्ट केलं की परफॉर्मन्स फी हाय-वॉटर मार्कवरच घ्यायची आणि तोही गुंतवणुकीच्या संपूर्ण आयुष्यासाठी. म्हणजे तीन वर्षांनी खूण पुसून नवी सुरुवात, अशी अट तिथे चालत नाही. घर, जमीन विकून आलेले किंवा निवृत्तीचे पैसे अशा ठिकाणी ठेवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्यासाठी हे संरक्षण खरोखर मोठं आहे.

चूक होते ती मधेच पैसे घातले किंवा काढले की. समजा 50 लाख गुंतवले, खूण 50. बाजार पडला, मूल्य 40 झालं. "आता स्वस्त आहे" म्हणून तुम्ही आणखी 10 लाख घातले. मूल्य झालं 50, पण खूण आता 60 व्हायला हवी. ती 50 वरच राहिली आणि वर्षाअखेर मूल्य 60 झालं, तर हिशेबात 10 लाख "नफा" दिसतो आणि 20 टक्क्यांप्रमाणे 2 लाख फी लागते, वर 18 टक्के जीएसटीचे 36 हजार. प्रत्यक्षात तुम्ही घातले 60 लाख आणि तुमच्याकडे आहेत 60 लाख. नफा काहीच नाही. काढताना उलट. मूल्य 40 आणि खूण 50 असताना 10 लाख काढले, म्हणजे चौथा हिस्सा गेला, तर खूणही चौथ्या हिश्श्याने उतरून 37.5 होणं हिशेबाला धरून आहे. मूल्याबरोबर ती थेट 30 वर आणून ठेवली, तर उरलेल्या पैशावरचा साडेसात लाखांचा भरपाईचा हक्क एका नोंदीत गेला.

हे पकडायला मोठी विद्या लागत नाही. फी कापल्याच्या पत्रकावर त्या दिवशीची खूण, त्यानंतर घातलेली आणि काढलेली रक्कम आणि नवी खूण हे तीन आकडे लेखी मागायचे आणि बँकेच्या पासबुकातल्या तारखांशी ताडून पाहायचे. तिन्ही आकडे व्यवस्थापकाकडे असतातच, कारण त्यांच्याशिवाय फी काढताच येत नाही. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढचं पत्र थेट कंपनीच्या कम्प्लायन्स ऑफिसरच्या नावाने घालायचं. तिथेही दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.